7 एप्रिलची मोजणी, 31 मार्चचा साठा: एका घाऊक पेढीचं प्रकरण

ताळेबंद 31 मार्चचा, पण माल मोजला 7 एप्रिलला. घाऊक व्यवहारात हे नेहमीच होतं. वर्षअखेरीला गोदामातून माल इतका हलत असतो की दारं बंद करून मोजत बसणं परवडत नाही. मग आठवडाभरानं मोजणी होते आणि तो आकडा मागे नेऊन 31 मार्चचा साठा काढला जातो. तो काढायचं ठरीव सूत्रही आहे: मोजलेल्या साठ्यातून मधल्या काळातली खरेदी वजा करा आणि मधल्या काळातल्या विक्रीची मूळ किंमत मिळवा.

सूत्र चुकीचं नाही. पण त्यात 'खरेदी' आणि 'विक्री' म्हणजे नेमकं काय, हे आपण मनातल्या मनात गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. खाली विजेच्या सामानाची, म्हणजे वायर, स्विच, दिवे, पंखे यांची घाऊक विक्री करणाऱ्या एका पेढीचं उदाहरण रचलं आहे. आकडे सोयीचे घेतले आहेत. प्रसंग मात्र कुठल्याही गोदामात सापडतील असेच आहेत.

हिशेबनिसांचा कागद

पेढीचं गोदाम एकच. मालाची रोजची शिल्लक दाखवणारी नोंदवही नाही, त्यामुळे अखेरचा साठा मोजूनच काढावा लागतो. मोजणी 7 एप्रिलला संध्याकाळी, दिवसाचे व्यवहार थांबल्यावर झाली. मोजणी तक्त्यांची बेरीज, मूळ किमतीनं, 18,64,000 आली.

हिशेबनिसांनी 1 ते 7 एप्रिलचं खरेदी पुस्तक पाहिलं, बेरीज 3,20,000. विक्री पुस्तकाची बेरीज 4,00,000. पेढी मूळ किमतीवर 25 टक्के नफा लावते, म्हणून त्यांनी विक्रीतून 25 टक्के काढले आणि 3,00,000 ही विकलेल्या मालाची किंमत धरली. मग 18,64,000 वजा 3,20,000 अधिक 3,00,000, म्हणजे 18,44,000. कागदावर सही झाली आणि तो लेखापरीक्षकांच्या फाइलमध्ये गेला.

पहिली चूक अगदी वरवर दिसते, ती लगेच बाजूला करू. नफा मूळ किमतीवर 25 टक्के असला तर विक्रीवर तो 20 टक्के होतो. 100 ची वस्तू 125 ला विकली, तर त्यातले 25 म्हणजे 125 चा पाचवा भाग. म्हणून 4,00,000 च्या विक्रीची मूळ किंमत 3,20,000 होते, 3,00,000 नाही. ही चूक इतकी सर्रास होते की समायोजनाचा कागद हातात आला की मी आधी तेवढंच तपासतो. पण खरा गुंता पुढे आहे.

दोनच प्रश्न

सूत्र बाजूला ठेवून मधल्या काळातल्या प्रत्येक व्यवहाराला दोन प्रश्न विचारायचे. हा माल मोजणीत धरला गेला का? आणि 31 मार्चच्या रात्री हा माल आपल्या मालकीचा होता का?

दोन्हींचं उत्तर सारखं आलं, म्हणजे 'हो-हो' किंवा 'नाही-नाही', तर काहीच करायचं नाही. मोजला गेला पण तेव्हा आपला नव्हता, तर वजा करायचा. मोजला गेला नाही पण तेव्हा आपला होता, तर मिळवायचा. बिलाची तारीख या दोन्ही प्रश्नांत कुठेच येत नाही, हे लक्षात घ्या. बिल हा त्या व्यवहाराचा कागद आहे. माल कधी हलला आणि मालकी कधी बदलली हे त्यावरून बहुतेक वेळा कळतं, नेहमी नाही.

म्हणून पुस्तकांच्या बेरजा घेऊन बसण्याआधी गोदामाची आवक-जावक नोंदवही मागवायची. 31 मार्चला शेवटची आवक पावती कोणत्या क्रमांकाची होती, शेवटचं चलान कोणतं होतं, आणि 7 एप्रिलला मोजणी सुरू झाली तेव्हा हे दोन क्रमांक कुठे पोहोचले होते, हे चार क्रमांक मिळाले की मधला काळ दोन्ही बाजूंनी बंद होतो. खरेदी आणि विक्रीचं प्रत्येक बिल या क्रमांकांशी जुळवायचं. जे जुळत नाही, तेच आपलं काम.

खरेदीच्या बाजूला

3,20,000 च्या खरेदीत दोन बिलं जुळली नाहीत.

एक 40,000 चं. बिलावर तारीख 2 एप्रिल, पण आवक पावती 29 मार्चची. पुरवठादारानं माल आधी पाठवला आणि बिल मागाहून. हा माल 31 मार्चला गोदामात होता, पेढीचा होता आणि 7 एप्रिललाही तिथेच होता. दोन्ही उत्तरं 'हो', म्हणून वजा करायचा नाही. हिशेबनिसांनी तो वजा केला होता.

दुसरं 55,000 चं. बिल 6 एप्रिलचं, पण माल 10 एप्रिलला आला. मोजणीच्या दिवशी तो गोदामात नव्हता आणि 31 मार्चला पेढीचा असण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही उत्तरं 'नाही'. जो माल मोजलाच नाही तो मोजणीतून वजा कसा करणार? तरी तो वजा झाला होता, कारण बिल त्या आठवड्याच्या पुस्तकात होतं.

उरलेली 2,25,000 ची खरेदी मात्र सरळ आहे. माल 1 ते 7 एप्रिल या काळात आला, मोजला गेला, आधी पेढीचा नव्हता. हेच वजा होतं.

आता जे पुस्तकात दिसत नाही त्याकडे. आवक नोंदवहीत 3 एप्रिलला 60,000 चा माल आल्याची नोंद आहे, पण त्याचं बिल एप्रिलच्या खरेदीत नाही. शोधल्यावर ते मार्चच्या पुस्तकात सापडलं, तारीख 30 मार्च. खरेदीच्या ऑर्डरवर अट अशी होती की पुरवठादारानं माल वाहतूकदाराच्या हवाली केला की मालकी आणि जोखीम खरेदीदाराची. वाहतूकदाराची पावती 30 मार्चची होती. म्हणजे 31 मार्चच्या रात्री हा माल रस्त्यात असला तरी पेढीचाच होता. मोजणीतही तो आहे. काही करायचं नाही.

अट उलटी असती, म्हणजे माल आपल्या दारात पोहोचल्यावरच मालकी बदलणार असती, तर हे 60,000 मोजणीतून वजा करावे लागले असते आणि मार्चची खरेदीही उलटवावी लागली असती. माल तोच, ट्रक तोच, तारखाही त्याच. फरक फक्त ऑर्डरवरच्या एका ओळीचा. म्हणून वाटेतल्या मालाबद्दल गोदामपालाला विचारून उपयोग नसतो. माल कधी आला एवढंच तो सांगू शकतो. तो कोणाचा होता हे करारातच सापडतं.

विक्रीच्या बाजूला: सारख्या दिसणाऱ्या दोन पावत्या

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग विक्रीत आहे.

विक्री पुस्तकात एक बिल 50,000 चं आहे, तारीख 3 एप्रिल. चलान 30 मार्चचं आहे, म्हणजे माल वर्ष संपण्याआधीच बाहेर पडला होता. दुसरं बिल 25,000 चं, तारीख 4 एप्रिल, आणि त्याचं चलान 28 मार्चचं. दोन्हींत माल मार्चमध्ये गेला, बिल एप्रिलमध्ये झालं. कागदावर दोन्ही जुळी भावंडं.

पण पहिल्या व्यवहारात ग्राहकाची पक्की ऑर्डर होती. 30 मार्चलाच माल त्याच्याकडे पोहोचला, त्यानं चलानावर सही करून घेतला आणि फक्त बिल करायचं राहून गेलं. विक्री 30 मार्चला पूर्ण झाली. 31 मार्चला हा माल पेढीचा नव्हता आणि मोजणीतही नव्हता. त्यामुळे साठ्यात त्याचं काही मिळवायचं नाही.

दुसऱ्या व्यवहारात माल पसंतीवर पाठवला होता. चलानावर तसं लिहिलेलं होतं आणि ग्राहकाला पंधरवड्याची मुदत होती. त्यानं 4 एप्रिलला 'ठेवतो' असं कळवलं, तेव्हा बिल झालं. म्हणजे 31 मार्चला माल ग्राहकाच्या दुकानात पडून असला तरी मालकी पेढीची होती. मोजला गेला नाही, पण आपला होता. मूळ किंमत 20,000 मिळवायची.

इथे दोन बाजूंनी पाय घसरतो. चलानाच्या तारखेकडेच पाहणारा माणूस दोन्ही बिलं सारखीच वगळतो आणि साठा 20,000 नं कमी दाखवतो. उलट, पसंतीवरच्या मालाची वेगळी यादी करून त्याचे 20,000 स्वतंत्रपणे मिळवणारा जपून काम करत असतो, पण त्याच मालाचं बिल एप्रिलच्या विक्रीत आहे हे विसरला तर तीच रक्कम दोनदा मिळवतो. या प्रकरणात बिल विक्री पुस्तकात आहे, म्हणून आपण ते तिथेच राहू देऊ आणि यादीतून पुन्हा मिळवणार नाही. 7 एप्रिलपर्यंत ग्राहकानं कळवलं नसतं, तर बिलच झालं नसतं आणि तेव्हा मात्र यादीतून मिळवण्याशिवाय मार्ग नव्हता.

तिसरं बिल 30,000 चं, 7 एप्रिलचं. माल बांधून दाराशी ठेवला होता आणि 8 एप्रिलला सकाळी ट्रकमध्ये चढला. मोजणाऱ्यांनी तो मोजला, कारण तो समोर होता. 31 मार्चलाही तो पेढीचाच होता. दोन्ही 'हो', काही मिळवायचं नाही. हे बिल वगळलं नाही तर तोच माल एकदा मोजणीतून आणि एकदा विक्रीतून, असा दोनदा साठ्यात येतो. बांधून ठेवलेले खोके मोजले गेले की नाही हे नंतर सांगणं अवघड असतं, म्हणून मोजणीच्या दिवशीच तक्त्यावर तशी खूण करून घेतलेली बरी. इथे तक्त्यावर 'दाराजवळ, बांधलेला' असा शेरा होता, म्हणून निभावलं.

जुने दिवे

विक्रीत 36,000 चं आणखी एक बिल होतं. जुन्या मॉडेलचे दिवे, मूळ किंमत 40,000. मार्चच्या मध्यालाच पेढीनं या मॉडेलची सवलतीची दरयादी काढली होती आणि 5 एप्रिलला ग्राहकानं स्वतः येऊन माल नेला.

सरधोपट हिशेबात या 36,000 मधूनही 20 टक्के नफा काढला जातो आणि 28,800 मिळवले जातात, ते तर उघडच चूक. त्याहून बारीक चूक आहे 40,000 मिळवण्याची. मोजणी मूळ किमतीनं केली आहे, मग विकलेल्या मालाची मूळ किंमतच मिळवायची, असं वाटणं साहजिक आहे. पण साठा मूळ किंमत किंवा निव्वळ वसूलमूल्य, म्हणजे विक्रीचा खर्च जाऊन माल विकल्यावर हाती येणारी रक्कम, यांतल्या कमी रकमेनं दाखवायचा असतो. आंतरराष्ट्रीय लेखामानक 2 चा हाच मुख्य नियम आहे. दिव्यांची किंमत मार्चमध्येच उतरली होती, एप्रिलच्या विक्रीनं फक्त ती किती उतरली याचा पुरावा दिला. विक्रीसाठी वेगळा खर्चही झाला नाही. म्हणून 31 मार्चला या दिव्यांचं मूल्य 36,000, आणि तेवढेच मिळवायचे.

इथे थांबलो तर काम अर्धवट राहतं. त्याच मॉडेलचे दिवे अजून गोदामात शिल्लक होते आणि मोजणीत ते 60,000 या मूळ किमतीनं आले होते. एका गठ्ठ्याला दर दहापैकी नऊ मिळाला, तर उरलेल्यालाही फार तर तोच मिळेल. त्यांचं मूल्य 54,000 वर आणायचं, म्हणजे 6,000 कमी. मधल्या आठवड्याचे व्यवहार पाहताना विकल्या गेलेल्या मालाकडेच डोळे लागलेले असतात. न विकल्या गेलेल्या भावंडांकडे लक्ष जात नाही, आणि मूल्य उतरल्याचा फटका बहुधा त्यांच्यातच मोठा असतो.

किंमत एप्रिलमध्ये घडलेल्या एखाद्या नव्या घटनेमुळे उतरली असती, समजा नवं मॉडेल 4 एप्रिलला अचानक जाहीर झालं असतं, तर गोष्ट वेगळी. 31 मार्चला ती परिस्थितीच नव्हती, म्हणून तेव्हाचा साठा मूळ किमतीनंच राहिला असता.

आता नेहमीची विक्री उरली: 4,00,000 मधून 50,000, 30,000 आणि 36,000 गेले की 2,84,000. पसंतीवरचे 25,000 यातच आहेत. 20 टक्के नफा काढून मूळ किंमत 2,27,200.

परतीचा माल आणि परक्याचा माल

मार्चमध्ये विकलेला 15,000 चा माल एका ग्राहकानं 5 एप्रिलला परत दिला. मालात दोष नव्हता. त्यानं जास्त मागवला होता आणि पेढीनं संबंध राखायला तो परत घेतला. 31 मार्चला तो माल ग्राहकाचा होता, मोजणीत मात्र आला. मूळ किंमत 12,000 वजा. मार्चमध्येच दोष आढळून परतीचं ठरलं असतं, तर हे उत्तर बदललं असतं. विक्रीच उलटवावी लागली असती आणि तो माल त्याच्या दोषासकट, उतरलेल्या किमतीनं साठ्यात आला असता.

पेढीनं 4 एप्रिलला एका पुरवठादाराला 18,000 चा माल परत केला होता. तो 31 मार्चला पेढीचा होता, 7 एप्रिलला नव्हता. 18,000 मिळवायचे. हिशेबनिसांनी दोन्ही परती सोडल्या होत्या, कारण त्या खरेदी-विक्रीच्या मुख्य पुस्तकांत येत नाहीत. क्रेडिट नोट आणि डेबिट नोट यांच्या फाइली वेगळ्या असतात.

आणखी एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. एका उत्पादकानं विक्रीसाठी ठेवायला दिलेले 35,000 चे पंखे गोदामात होते. विकले गेले की पेढीला कमिशन, तोपर्यंत मालकी उत्पादकाची. मांडणी एकच, खोकेही तसेच, म्हणून मोजणाऱ्यांनी ते मोजले. त्यांचा सुगावा लागला तो खरेदीचं बिल सापडत नाही म्हणून. मोजणी तक्त्यावरची एखादी मोठी ओळ घेऊन तिचं खरेदीचं बिल शोधायचं, हा उलटा शोध अशा वेळी कामी येतो. त्या आठवड्यात यातला एकही पंखा विकला गेला नव्हता, म्हणून पूर्ण 35,000 वजा.

तक्त्यांतही दोन चुका निघाल्या. एका पानाची 1,23,000 ही बेरीज पुढच्या पानावर 1,32,000 अशी गेली होती, म्हणजे 9,000 जास्त. दुसरीकडे स्विचचे 40 खोके मोजले होते, खोक्यात 10 नग. दर मात्र नगाचा, 45, लावला गेला. 18,000 ऐवजी 1,800 धरले, म्हणजे 16,200 कमी. या चुकांचा मधल्या आठवड्याशी काही संबंध नाही, पण त्या मागे नेण्याआधीच दुरुस्त करायच्या. नाहीतर शुद्ध समायोजन अशुद्ध आकड्यावर बसतं.

दुरुस्त हिशेब

| तपशील | रक्कम |
|---|---|
| 7 एप्रिलची मोजणी, तक्त्यांप्रमाणे | 18,64,000 |
| पुढे नेताना जास्त गेलेली बेरीज | − 9,000 |
| स्विचच्या खोक्यांचा चुकलेला दर | + 16,200 |
| उत्पादकाचे पंखे | − 35,000 |
| 1 ते 7 एप्रिल आलेली खरेदी | − 2,25,000 |
| ग्राहकाकडून परत आलेला माल | − 12,000 |
| पुरवठादाराला परत केलेला माल | + 18,000 |
| नेहमीच्या विक्रीची मूळ किंमत | + 2,27,200 |
| सवलतीत विकलेले जुने दिवे | + 36,000 |
| उरलेल्या जुन्या दिव्यांचं उतरलेलं मूल्य | − 6,000 |
| 31 मार्चचा साठा | 18,74,400 |

हिशेबनिसांचा आकडा 18,44,000 होता. फरक फक्त 30,400, साठ्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी. हे पाहून कोणी म्हणेल, इतकी उठाठेव कशासाठी? पण हा फरक लहान दिसतो तो योगायोगानं. आत खरेदीमुळे 95,000 एका दिशेला आणि विक्री, पंखे, ग्राहकाकडून परत आलेला माल हे सगळे उलट्या दिशेला ओढत होते. पुढच्या वर्षी तेच प्रसंग वेगळ्या रकमांनी आले, तर ते एकमेकांना कापतील याची काही हमी नाही.

शिवाय नफ्यावरचा परिणाम साठ्याच्या फरकापुरता नसतो. 29 मार्चला आलेला 40,000 चा माल साठ्यात धरला, तर त्याची खरेदी आणि देणंही मार्चच्या पुस्तकात आणायलाच हवं. तसं केलं नाही तर माल आहे पण त्याचा खर्च नाही, आणि नफा 40,000 नं फुगतो. तसंच 30 मार्चला पूर्ण झालेली 50,000 ची विक्री मार्चमध्ये घ्यायला हवी. ते नाही केलं तर माल गेला, पण त्याचं उत्पन्न मात्र पुढच्या वर्षी. तिन्ही मिळून नफ्यातला बदल 30,400 वजा 40,000 अधिक 50,000, म्हणजे 40,400 ची वाढ. ही बिलं एप्रिलच्या पुस्तकांतून त्याच वेळी काढायची, नाहीतर पुढच्या वर्षात ती पुन्हा मोजली जातील.

हा हिशेब कुठे लंगडा पडतो

वरचा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: नेहमीच्या विक्रीवर सगळीकडे 20 टक्के नफा. वायरवर कमी आणि शोभेच्या दिव्यांवर जास्त नफा असेल आणि त्या आठवड्यात नेमकी वायरच जास्त गेली असेल, तर सरासरी फसवते. म्हणून मोठ्या बिलांची मूळ किंमत वस्तूनिहाय काढावी आणि टक्केवारी बारीकसारीक बिलांपुरतीच वापरावी.

दुसरी अडचण दरांची. समजा 7 एप्रिलला एका वायरची 140 बंडलं मोजली. त्यांतली 60 एप्रिलमध्ये 520 नं घेतलेली, बाकीची 80 मार्चमधली, 500 ची. मोजणाऱ्यानं शेवटच्या बिलाचा 520 हा दर सगळ्यांना लावला. खरेदी वजा करताना आपण 60 बंडलांचे 31,200 काढतो, पण उरलेली 80 बंडलं 520 नंच साठ्यात राहतात. 1,600 जास्त. अशा वेळी रक्कम मागे नेण्याऐवजी नग मागे न्यायचे: 140 वजा आलेले 60 अधिक गेलेले 85, म्हणजे 31 मार्चला 165 बंडलं, आणि त्यांना मार्चचा दर. जास्त किमतीच्या दहा-पंधरा वस्तूंसाठी असं नगानं करून पाहिलं की रकमेच्या हिशेबाची पडताळणीही आपोआप होते.

तिसरी गोष्ट कागदावर येतच नाही: चोरी, तूटफूट, गळती. 5 एप्रिलला काही माल चोरीला गेला असेल, तर मोजणीत तो नाही आणि कुठल्या बिलातही नाही. मागे नेलेला आकडा ती तूट गुपचूप मार्चवर टाकतो. चोरी उघडकीला आली असेल तर त्या मालाची मूळ किंमत मिळवता येते, कारण 31 मार्चला तो पेढीचाच होता. उघडकीला आली नाही, तर साठा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

मोजणी वर्षअखेरीच्या आधी केली, समजा 26 मार्चला, तर सगळी चिन्हं उलटतात. 27 ते 31 मार्चला आलेला माल मिळवायचा, गेलेल्या मालाची मूळ किंमत वजा करायची, ग्राहकाकडून परत आलेला मिळवायचा, पुरवठादाराला परत केलेला वजा करायचा. 31 मार्चला माल आपला होता का हा प्रश्न तोच राहतो, म्हणून पसंतीवरचा आणि वाटेतला माल तसाच तपासायचा. धोका मात्र दिशा बदलतो. मोजणीनंतरच्या पाच दिवसांतली चोरी किंवा तूटफूट आकड्यात उतरतच नाही आणि साठा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक 501 प्रमाणे मोजणी दुसऱ्या तारखेला झाली, तर मधल्या काळातले बदल नीट नोंदले गेले की नाहीत याचा पुरावा लेखापरीक्षकानं मिळवायचा असतो. आधीच्या मोजणीत तर गोदामातल्या आवक-जावकेवर देखरेख किती पक्की आहे, हेच तो आधी पाहतो. देखरेख ढिली असेल, तर 31 मार्चच्या जवळ पुन्हा मोजा, असंही तो सांगू शकतो. मग निदान महागड्या वस्तू तरी पुन्हा मोजाव्या लागतात.